झोपताना धडधड होते तेव्हा: आधी स्नायू, मग श्वास

प्रश्न: वय ३४. दिवसभर कामात ठीक असते, पण रात्री अंथरुणाला पाठ टेकली की छातीत धडधड सुरू होते आणि उद्याचं सगळं डोक्यात फिरायला लागतं. ईसीजी, थायरॉईड, हिमोग्लोबिन तपासून झालं, सगळं नॉर्मल आहे. मोबाईलवर बघून चार-सात-आठचा श्वास करून पाहिला, तर उलट गुदमरल्यासारखं होतं, बोटांना मुंग्या येतात आणि उरलीसुरली झोपही उडते. मला श्वासाचे व्यायाम चालत नाहीत का? स्नायू सैल करायचा प्रकार ऐकलाय, तो नेमका कसा करायचा?

उत्तर: बोटांना मुंग्या आल्या, हे तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत, कारण चूक कुठे होते ते त्यावरून कळतं. घाबरलेल्या माणसाला कोणी ‘दीर्घ श्वास घे’ म्हटलं की तो छाती भरून मोठा श्वास घेतो, आणि एकामागून एक घेत राहतो. शरीराला तेवढ्या हवेची गरज नसते, कारण तुम्ही पडून आहात, धावत नाही. जास्तीच्या श्वासातून कार्बन डायऑक्साइड वाजवीपेक्षा जास्त बाहेर पडतो आणि रक्तातलं त्याचं प्रमाण खाली येतं. त्याने मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या थोड्या आकसतात, डोकं हलकं होतं, बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात. गंमत वाटेल, पण हवा जास्त घेतल्यामुळेच हवा कमी पडल्यासारखं वाटतं. मग माणूस आणखी मोठा श्वास घेतो आणि चक्र फिरत राहतं. यात हृदयाला काही झालेलं नसतं. श्वास लहान आणि सावकाश केला की काही मिनिटांत हे ओसरतं.

दुसरी अडचण आकड्यांची आहे. चार मोजून श्वास आत, सात मोजून रोखायचा, आठ मोजून बाहेर, म्हणजे एका श्वासाला एकोणीस सेकंद. मिनिटाला जेमतेम तीन श्वास होतात. एरवी आपण स्वस्थ बसलेले असताना मिनिटाला बारा ते अठरा श्वास घेतो आणि घाबरलेलो असताना त्याहून जास्त. तिथून एकदम तीनवर यायचं म्हणजे जीव गुदमरणारच. सराव असलेल्यांना ते जमतं. पहिल्याच रात्री, धडधड चालू असताना, बहुतेकांना जमत नाही. तेव्हा श्वासाचे व्यायाम तुम्हाला चालत नाहीत असं नाही, तुम्ही शेवटच्या पायरीपासून सुरुवात केलीत एवढंच.

गेली बावीस वर्षं मी झोप आणि चिंता या तक्रारींवर समुपदेशन करते. ज्यांची भीती श्वासावर किंवा छातीच्या ठोक्यांवर बसलेली असते, त्यांना मी पहिला आठवडा श्वासाकडे जाऊच देत नाही. ज्या गोष्टीची धास्ती आहे तिच्याकडेच लक्ष लावून बसलं तर धास्ती वाढते. त्यांची सुरुवात मी हातांपासून करते. हात घट्ट मिटायचा आणि सोडायचा, यात घाबरण्यासारखं काही नसतं आणि मनाला एक ठोस काम मिळतं. श्वास त्या वेळात आपोआप निम्मा खाली आलेला असतो.

ही पद्धत शिकागोच्या एडमंड जेकबसन या डॉक्टरांनी १९२० च्या दशकात मांडली. त्यांचं म्हणणं साधं होतं: अस्वस्थ माणसाचे स्नायू आखडलेले असतात आणि त्याला ते कळत नाही. म्हणून आधी तो आखडलेपणा ओळखायला शिकवायचं, मग सोडायला. त्यांचा अभ्यासक्रम कित्येक महिने चाले, एकेका स्नायूवर दिवसच्या दिवस जात. पुढे मानसोपचारात त्याचं छोटं रूप आलं, आणि १९७३ मध्ये बर्नस्टाइन आणि बोरकोव्हेक या दोघांनी सोळा स्नायूगटांची जी पद्धत नीट लिहून ठेवली तीच थोड्याफार फरकाने आज सगळीकडे शिकवतात. मी नवशिक्यांना त्याहूनही कमी, सात गट देते. तुम्ही शवासन केलं असेल तर फरक लगेच लक्षात येईल. शवासनात ‘सैल सोडा’ म्हणतात आणि चिंतातुर माणसाला नेमकं तेच येत नसतं. इथे आधी ताण निर्माण करायचा असतो, म्हणजे सोडायला हातात काहीतरी असतं.

आता कृती. पहिले सात-आठ दिवस हे रात्री करू नका. दुपारी किंवा संध्याकाळी, जेवणानंतर दीड-दोन तासांनी, पंधरा मिनिटं कोणी हाक मारणार नाही अशी वेळ धरा. जमिनीवर सतरंजी किंवा चटई घालून उताणं झोपा, डोक्याखाली पातळ उशी आणि गुडघ्यांखाली एक जाड उशी घ्या, म्हणजे कंबर ताणली जात नाही. चष्मा, घड्याळ, घट्ट बांगड्या काढून ठेवा. डोळे मिटायला भीती वाटत असेल तर उघडे ठेवले तरी चालतात, छताच्या एका जागी नजर ठेवा.

उजव्या हातापासून सुरू करा. मूठ मिटा, कोपर थोडं वाकवून दंडही आवळा. जोर पूर्ण लावायचा नाही. तुमची पूर्ण ताकद दहा धरली तर सहापर्यंतच जायचं. मनात ‘एक हजार एक, एक हजार दोन’ असं सावकाश मोजत पाच ते सात सेकंद धरा. त्या वेळात बघा की ताण नेमका कुठे आहे: बोटांच्या पेरांत, मनगटाच्या आतल्या बाजूला, की कोपराच्या खाली. मग एकदम सोडा, हातातलं ओझं गळून पडावं तसं. हळूहळू सोडलात तर स्नायू बराच वेळ अर्धवट आखडलेलाच राहतो आणि फरक कळत नाही. सोडल्यावर अर्धा मिनिट काहीही करायचं नाही, फक्त हाताकडे लक्ष ठेवायचं. तो जड वाटेल, ऊबदार वाटेल, कधी किंचित झिणझिण्या येतील. हा अर्धा मिनिट हाच खरा व्यायाम आहे. घाईत असलेले लोक ताण सात सेकंद धरतात, विसावा तीन सेकंद घेतात आणि पुढच्या अवयवाकडे जातात. त्यांना शेवटी फक्त दमल्यासारखं वाटतं.

उजवा हात दोनदा झाला की डावा हात तसाच. मग चेहरा: कपाळावर आठ्या, डोळे घट्ट मिटलेले, आणि दात एकमेकांवर हलकेच टेकवून जबडा आवळलेला. सोडताना वरचे आणि खालचे दात एकमेकांपासून सुटू द्या, ओठ मिटलेले असले तरी चालेल. जबडा हा बहुतेकांचा लपलेला ताण असतो. नंतर मान आणि खांदे: खांदे कानांकडे उचलायचे, एवढंच. मान मागे दाबणं किंवा वळवणं मी सांगत नाही, कारण मानेच्या मणक्यांचा त्रास असलेल्यांना ते बाधतं. मग पोट आणि पाठीचा गट: कोणी पोटात बोट खुपसणार आहे असं समजून पोट कडक करा, कंबर उचलू नका. शेवटी उजवा पाय आणि डावा पाय. पायाची बोटं स्वतःकडे, नडगीच्या दिशेने ओढायची, गुडघ्याच्या वरचा स्नायू आवळायचा. बोटं लांब टोकाकडे ताणू नका, पोटरीत गोळा येतो आणि मग त्या दिवशीचा सराव तिथेच संपतो. पायांसाठी पाच सेकंद पुरेत. प्रत्येक गट दोनदा असा हा सगळा फेरा साधारण दहा मिनिटांत होतो. उठताना कुशीवर वळून, थोडं थांबून उठा, कारण उठल्याबरोबर चक्कर येऊ शकते.

करताना बिघडतं ते बहुधा श्वासापाशी. मूठ आवळली की माणूस नकळत श्वास कोंडतो. तोंडाने हळू आवाजात आकडे मोजा, बोलता येतंय म्हणजे श्वास चालू आहे. रक्तदाब असणाऱ्यांनी ही खबरदारी नक्की घ्यावी, कारण श्वास कोंडून जोर लावला की दाब चढतो. काचबिंदू असेल किंवा डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालं असेल तर डोळे आवळू नका, चेहऱ्यात फक्त कपाळ आणि जबडा करा. पाठीची, पोटाची शस्त्रक्रिया झालेली असेल किंवा पोटात बाळ असेल तर तो गट वगळा आणि बाकीचं कुशीवर पडून करा. कुठलाही अवयव दुखत असेल तर तो न आवळता नुसता आठवायचा आणि सोडायचा. स्नायू थरथरायला लागला तर जोर जास्त लावताय असं समजा.

आणखी एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, नाहीतर पहिल्यांदा घडली की लोक सोडून देतात. काहींना शरीर सैल पडू लागलं की त्याचीच भीती वाटते. तरंगल्यासारखं होतं, हात आपला नाही असं वाटतं, आणि छातीत एकदम धस्स होतं. सतत सावध राहायची सवय झालेल्या शरीराला पहारा सोडणं धोक्याचं वाटतं. याच बोरकोव्हेकनी १९८० च्या दशकात एका सहकाऱ्याबरोबर या गोष्टीला नाव देऊन ती अभ्यासली, म्हणजे हे फक्त तुमच्याच बाबतीत घडतं असं नाही. तसं झालं तर डोळे उघडा, बसते व्हा, भिंतीला टेका आणि फक्त दोन हात करून थांबा. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढंच. साधारण चार-पाच दिवसांत शरीर ओळख करून घेतं. झोप लागता लागता पाय झटकन उडणं किंवा खड्ड्यात पडल्यासारखं वाटणं वेगळं. ते धडधाकट माणसालाही होतं, त्याला काही करायचं नसतं.

आठवड्याने श्वासाकडे या. स्नायूंचा फेरा संपल्यावर, तसंच पडून, एक हात बेंबीवर आणि एक छातीवर ठेवा. नाकाने एरवीसारखाच श्वास घ्या, मोठा नाही. बेंबीवरचा हात किंचित वर यावा, छातीवरचा जवळजवळ स्थिर राहावा. पोट मुद्दाम फुगवू नका, बहुतेक जण तेच करतात आणि पोटाचे स्नायू दुखवून घेतात. आता तीन मोजून आत, चार मोजून बाहेर. मध्ये रोखणं नाही. हा सात सेकंदांचा श्वास, म्हणजे मिनिटाला आठ-नऊ. चार-पाच दिवस हेच सहज झालं तर तीन आत, पाच बाहेर. मग चार आत, सहा बाहेर, म्हणजे मिनिटाला सहा. नवशिक्याला त्याच्या खाली जायचं काहीच कारण नाही.

वजन बाहेर जाणाऱ्या श्वासावर ठेवायचं. स्वतःची नाडी मनगटावर पकडून बघा: श्वास आत घेताना ठोके किंचित जलद पडतात, सोडताना किंचित मंदावतात. हृदयाला आवरणारी जी मज्जातंतूची वाट आहे, ती श्वास सोडताना जास्त काम करते. म्हणून सोडणं लांबवायचं, घेणं मोठं करायचं नाही. गरम चहावर फुंकर घालताना ओठांचा जो आकार होतो तसा ठेवून श्वास सोडलात तर तो आपोआप लांबतो, मोजावं लागत नाही. बरोबर चाललंय हे कसं ओळखायचं? पाच मिनिटांनी तोंडात लाळ येते, गिळावंसं वाटतं, पोटात गुरगुर होते, हातपाय गरम लागतात. चुकतंय हे कसं ओळखायचं? जांभईसारखा मोठा श्वास पुन्हा पुन्हा घ्यावासा वाटतो, डोकं हलकं होतं, मुंग्या येतात. अशा वेळी मोजणं सोडून द्या, नेहमीसारखा श्वास चालू द्या आणि हाताच्या मुठीकडे परत जा. दमा किंवा फुप्फुसाचा जुना आजार असेल तर आकडे तुमच्या डॉक्टरांना विचारून ठरवा.

आता रात्रीचं. दिवसाचा सराव आठ-दहा दिवस झाला की मगच तो अंथरुणात न्यायचा. तिथे सगळ्यात मोठी चूक होते: माणूस फेरा पूर्ण करतो आणि ‘लागली का झोप?’ म्हणून तपासतो. तपासायला जागं असावं लागतं. म्हणून माझ्याकडे येणाऱ्यांना मी सांगते की हे झोप आणण्यासाठी करायचंच नाही, अंग हलकं करण्यासाठी करायचं. झोप आली तर आली. एक फेरा, मग पाच मिनिटं श्वास, मग काही नाही. दुसरा फेरा नाही. आणि अंदाजे वीस मिनिटं झाली, डोळ्याला डोळा लागत नाही आणि चिडचिड वाढतेय असं वाटलं तर उठा. घड्याळ बघू नका, अंदाजच पुरे. दुसऱ्या खोलीत किंवा गादीच्या बाहेर मंद दिव्यात बसा, कपड्यांच्या घड्या घाला, जुना अंक चाळा, मोबाईल नको. डोळे जड झाले की परत या. घर लहान असेल, बाकीचे झोपले असतील, तर पलंगावरून उतरून भिंतीशी चटईवर बसलं तरी चालतं. अंथरूण म्हणजे तळमळण्याची जागा ही शरीराची शिकवण मोडायची असते, खोलीचा आकार महत्त्वाचा नाही.

एका गृहस्थांचं उदाहरण देते, ओळख पटणार नाही इतके तपशील बदलून. साखर कारखान्यात हिशेब बघणारे, वय सेहेचाळीस. गळीत हंगाम सुरू झाला की रात्री दीड-दोनपर्यंत कूस बदलत राहायचे. सकाळी कानशिलं दुखायची. त्यांना वाटायचं उशी चुकतेय. पहिल्या दिवशी माझ्यासमोर त्यांनी मूठ आवळली तेव्हा मूठ कमी आणि जबडाच जास्त आवळला गेला. त्यांना आरसा दाखवला तेव्हा कळलं. म्हणून त्यांचा क्रम मी बदलला: चेहरा पहिला, हात नंतर. पहिले तीन दिवस ते म्हणत होते, काहीच वाटत नाही. चौथ्या दिवशी त्यांना जाणवलं की सोडल्यावरही दात एकमेकांना लागलेलेच आहेत. त्या दिवसापासून त्यांनी दिवसा ऑफिसात, फोन ठेवला की दात सुटे आहेत का हे बघायची सवय लावली. सहाव्या दिवशी पायाच्या गटात पोटरीत गोळा आला, कारण बोटं उलट दिशेला ताणली होती. ते दुरुस्त केलं. दुसऱ्या आठवड्यात तीन-चारचा श्वास सुरू केला, तेव्हा त्यांना एकदा गुदमरल्यासारखं झालं. बघितलं तर ते सोडतानाही जोर लावून हवा ढकलत होते. चहाची फुंकर सांगितल्यावर ते सुटलं.

अंथरुणातला सराव त्यांनी अकराव्या रात्री सुरू केला. त्या आठवड्यात झोप फारशी सुधारली नाही आणि ते निराश झाले. मी त्यांना सकाळी वहीत दोनच गोष्टी लिहायला सांगितल्या होत्या: झोपताना अंगातला ताण दहापैकी किती होता, आणि फेऱ्यानंतर किती राहिला. झोपेचे तास लिहायचे नाहीत. वहीत पहिल्या रात्री आठचे सात झाले होते, सातव्या रात्री आठचे चार. झोप लवकर लागायला लागली ती त्यानंतर दहा-बारा दिवसांनी. वही नसती तर त्यांनी मध्येच सोडून दिलं असतं.

या सगळ्याची मर्यादा आहे आणि ती ओळखली पाहिजे. तुमच्या तपासण्या झाल्यात हे चांगलं, तरी घरच्यांना एकदा विचारा की तुम्ही मोठ्याने घोरता का, मध्येच श्वास अडकून दचकून जागं होता का. तसं असेल तर झोपेतल्या श्वासाची तपासणी लागेल, शिथिलीकरणाने ते बरं होत नाही. झोप लागते पण पहाटे तीन-चारला मोडते, मन उदास राहतं, कशातच रस वाटत नाही, तर ते नैराश्य असू शकतं आणि त्याला मानसोपचारतज्ज्ञच हवेत. जगू नये असं वाटत असेल तर आजच कुणाशी तरी बोला. टेली मानस हा सरकारी क्रमांक १४४१६ चोवीस तास, विनाशुल्क चालतो. झोपेच्या गोळ्या चालू असतील तर हे सुरू केलं म्हणून त्या स्वतःहून बंद करू नका, विशेषतः बरेच महिने घेत असाल तर. आणि दुपारी चारनंतरचा चहा-कॉफी तीन आठवडे बंद ठेवून बघा. धडधड होणाऱ्या अनेकांच्या बाबतीत ऑफिसातला सहाचा चहा रात्री अकरालाही अंगात असतो.

ॲप किंवा दुसऱ्याचं रेकॉर्डिंग लावावं का, हे बरेच जण विचारतात. सुरुवातीला लावा, पण पुढे रेकॉर्डिंगशिवाय जमत नाही असं होतं. त्यापेक्षा वर लिहिलेला क्रम स्वतःच्या आवाजात फोनवर रेकॉर्ड करा, प्रत्येक ‘सोडा’नंतर खरंच अर्धा मिनिट गप्प राहून. फोन पालथा ठेवा, आवाज बारीक. दोन-तीन आठवड्यांनी क्रम पाठ होतो आणि रेकॉर्डिंग गळून पडतं. मग सातऐवजी चार गट करा: दोन्ही हात एकत्र, चेहरा आणि खांदे एकत्र, पोट, दोन्ही पाय एकत्र. त्यापुढे आवळायचीही गरज राहत नाही. हात सोडल्यावर कसा लागतो हे नुसतं आठवलं की तो तसा लागायला लागतो. जेकबसनना अपेक्षित होतं ते हेच, आवळणं फक्त ताणाची ओळख पटेपर्यंत. माझ्याकडच्या त्या गृहस्थांना इथवर यायला दोन महिने लागले. आता हंगामात ते अंथरुणावर पडले की फक्त जबडा आणि हात एवढंच करतात.